ओळखपत्राचा अरबी अनुवाद : लिंग, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचे नाव

भारतीय ओळखपत्राच्या छायाचित्रावरून त्यातील नोंदी अरबीत उतरवण्याचे काम. आखाती देशांत नोकरी, कुटुंबाचा निवास-परवाना, विवाहाचा पुरावा किंवा वारसाहक्क यांसाठी कागद दाखल करताना ते करावे लागते. तिथे मुख्य दस्तऐवज पासपोर्टच असतो, ओळखपत्राचा अनुवाद त्याला जोडून जातो. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कामासाठी न्याय मंत्रालयाकडे नोंदलेल्या कायदेशीर अनुवादकाचा शिक्का लागतो. मात्र त्याच्या हाती बहुतेकदा मूळ कार्ड नसते, मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो असतो. या नोंदीत महाराष्ट्रातील मराठी नावांच्या कार्डांचाच विचार केला आहे.

कार्डावर काय छापलेले असते

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाकडे साधारणपणे तीन कार्डे असतात. पहिले आधार. देशातील पहिले आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. आधारवर नाव, जन्मतारीख (काही जुन्या कार्डांवर नुसते जन्मवर्ष) आणि लिंग पुढच्या बाजूला असते, तर पत्ता मागच्या बाजूला. वडिलांचे किंवा पतीचे नाव असेल तर ते त्या पत्त्याच्या पहिल्या ओळीत येते. त्यामुळे केवळ पुढच्या बाजूचा फोटो आला, तर वडिलांच्या नावाचा प्रश्नच अनुत्तरित राहतो. पॅन कार्डावर वडिलांच्या नावासाठी स्वतंत्र ओळ आहे, पण लिंग नाही. मतदार ओळखपत्रावर लिंग असते आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते.

वैवाहिक स्थिती असा रकाना या तिन्हींपैकी एकावरही नाही. अरबी अर्जावर तो जवळजवळ नेहमीच असतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

लिंग

‘पुरुष’ म्हणजे ‘झकर’ आणि ‘महिला’ म्हणजे ‘उन्सा’. ‘रजुल’ आणि ‘इम्रआ’ हे शब्द बोलण्यात पुरुष आणि बाई या अर्थांनी बरोबर असले, तरी ओळखपत्राच्या रकान्यात चालत नाहीत. रकान्याचे शीर्षक ‘अल-जिन्स’. त्यालाच शेवटी दोन अक्षरे जोडली की ‘अल-जिन्सिया’, म्हणजे राष्ट्रीयत्व, हा शब्द होतो. घाईत केलेल्या मसुद्यात या दोन शीर्षकांची अदलाबदल होते आणि ‘राष्ट्रीयत्व : महिला’ अशी ओळ तयार होते. इजिप्तच्या कागदांवर याच अर्थी ‘अन-नौअ’ हे शीर्षक आढळते.

लिंगाची नोंद एका शब्दापुरती राहत नाही, कारण अरबीत विशेषणे आणि कृदंते लिंगाप्रमाणे बदलतात. महिलेच्या कार्डाच्या अनुवादात ‘भारतीय’ हे ‘हिंदी’ न होता ‘हिंदिया’ होते, कार्डधारक ‘हामिल’ची ‘हामिला’ होते आणि तळच्या दाखल्यातील ‘वर उल्लेखिलेला’ हाही स्त्रीलिंगी करावा लागतो. आधीच्या पुरुष ग्राहकाचा साचा उघडून फक्त नाव बदलले, की तळाची ओळ तशीच पुल्लिंगी राहून जाते. अनुवाद तपासताना वरून खाली वाचण्याऐवजी तळाच्या दाखल्यापासून सुरुवात केली, तर ही चूक लगेच सापडते.

तृतीयपंथी : आधारवर ही नोंद होऊ शकते. तिच्या अरबी प्रतिशब्दाबद्दल एकमत नाही. ‘खुन्सा’ हा धर्मशास्त्रातील शब्द वेगळ्या, जन्मजात शारीरिक स्थितीचा वाचक आहे.

वैवाहिक स्थिती

आखातातील अर्जांवर हा रकाना ‘अल-हाला अल-इज्तिमाइया’ या नावाने येतो. शब्दशः अर्थ ‘सामाजिक स्थिती’, पण विचारलेले असते लग्नाबद्दलच. अविवाहित पुरुष ‘अअझब’, अविवाहित स्त्री ‘अझबा’, विवाहित ‘मुतझव्विज’ किंवा ‘मुतझव्विजा’, घटस्फोटित ‘मुतल्लक’ किंवा ‘मुतल्लका’, विधुर ‘अरमल’, विधवा ‘अरमला’. ‘गैर मुतझव्विज’ हा पर्याय सोयीचा वाटला तरी टाळावा. त्याचा अर्थ ‘सध्या लग्नात नसलेला’ एवढाच होतो, आणि त्यात घटस्फोटित व विधुरही मावतात.

भारतीय कार्डाचा अनुवाद करताना हे शब्द सहसा वापरायचेच नसतात. आधारच्या पत्त्यात ‘डब्ल्यू/ओ’ दिसले की अनुवादक सरळ ‘मुतझव्विजा’ लिहून मोकळा होतो. पण त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच, की ज्या दिवशी नोंदणी किंवा दुरुस्ती झाली त्या दिवशी अमुक माणूस तिचा पती म्हणून सांगितला गेला. पती वारला किंवा घटस्फोट झाला तरी कार्ड आपोआप बदलत नाही. विधवेच्या कार्डावर ‘विवाहित’ असा अरबी शब्द गेला, तर वारसाच्या प्रकरणात तो तिच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. म्हणून ‘डब्ल्यू/ओ’ची जागा ‘झौजा’, म्हणजे ‘अमुकची पत्नी’, एवढ्याच शब्दाने भरावी आणि वैवाहिक स्थितीचा रकाना अनुवादात उघडूच नये. अर्जात तो भरण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, आणि त्यांचा अनुवाद वेगळा करावा लागतो.

वडिलांचे नाव

अरबी नावाची रचना साखळीसारखी असते : स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे, शेवटी घराण्याचे. मराठी नावही स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे चालते. म्हणून अरब कारकुनाला ते ओळखीचे वाटते, आणि पुरुषाच्या बाबतीत ते वाचन बरोबरही ठरते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र ते चुकते. मराठी रूढीत लग्नानंतर मधले नाव बदलून पतीचे होते. अरब समाजात स्त्रीचे नाव लग्नाने बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या जागी वडीलच असणार असे तिथला कारकून गृहीत धरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आधारवर नाव ‘सुनीता रमेश पाटील’, लिंग महिला, आणि मागे ‘डब्ल्यू/ओ रमेश दत्तात्रय पाटील’. पॅनवर वडिलांच्या जागी ‘गणपत बाबूराव जाधव’, कारण विवाहित स्त्रीच्या पॅनवरही वडिलांचेच नाव असते. दोन्ही अनुवाद एकाच फाइलमध्ये गेले. कारकुनाला पहिल्या कागदावर वडील रमेश दिसले, दुसऱ्यावर गणपत, आणि फाइल ‘नावात तफावत’ म्हणून परत आली. भाषांतराचा एकही शब्द चुकलेला नव्हता.

अशा वेळी ‘सुनीता गणपत पाटील’ असे जुळवून देण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण तसे नाव कोणत्याही कार्डावर नाही. नाव जसे छापले आहे तसे, त्याच क्रमाने ठेवावे. ‘झौजा’पुढे पतीचे पूर्ण नाव द्यावे. ‘इस्म अल-अब’ म्हणजे वडिलांचे नाव या शीर्षकाखाली गणपत बाबूराव जाधव हे फक्त पॅनच्या अनुवादात यावे. मग दोन्ही कागदांच्या तळाशी ‘मुलाहजत अल-मुतर्जिम’, म्हणजे अनुवादकाची टीप, जोडावी : कार्डधारक महिलेच्या प्रांतात विवाहित स्त्रीच्या नावातील दुसरा शब्द पतीचे नाव असतो, वडिलांचे नव्हे. टिपेत यापेक्षा जास्त काही लिहू नये.

‘बिन’ हा शब्द आपणहून घालणे हीही सर्रास होणारी चूक. ‘सुनील रमेश पाटील’चा ‘सुनील बिन रमेश’ होतो आणि अरबी नाव पासपोर्टाशी जुळेनासे होते. कार्डावर ‘एस/ओ’ असेल तरच ‘इब्न’ आणि ‘डी/ओ’ असेल तरच ‘इब्ना’ किंवा ‘बिन्त’ लिहावे, तेही शीर्षकाच्या जागी, नावाच्या पोटात नव्हे. शीर्षकात ‘इब्न’चा अलिफ कायम राहतो. मुलगा आणि बाप यांच्या नावांमध्ये आला, तरच तो गळून ‘बिन’ होतो.

अनेक आधारकार्डांवर नाते न सांगता फक्त ‘सी/ओ’ असते. त्याचा अर्थ ‘यांच्यामार्फत’ एवढाच. पुढचे नाव वडिलांचे, पतीचे, भावाचे, कुणाचेही असू शकते. त्याचे ‘इब्न’ करणे चूक, आणि ‘कफाला’च्या अंगाने भाषांतर करणे तर धोक्याचे, कारण आखातात कफील म्हणजे परदेशी कामगाराची कायदेशीर जबाबदारी घेणारा मालक. ‘बि-वासितत’ (मार्फत) असा साधा शब्द पुरतो.

एकट्या आईची मुले : ५ डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असल्यास पॅनच्या अर्जात वडिलांचे नाव सक्तीचे नाही. कार्डावर आईचे नाव असेल तर ‘इस्म अल-उम्म’ असे शीर्षक द्यावे.

नावांचे लेखन

अरबीत प नाही, त्याच्या जागी बा येतो. च साठी ता आणि शीन ही दोन अक्षरे जोडतात. ग साठी प्रदेशानुसार गैन, जीम किंवा काफ. ट आणि त या दोघांनाही साधा ता वापरावा, जड ता (उर्दूत ‘तोय’) नको. ‘पाटील’ हे आडनाव जड ता घेऊन आणि या गाळून लिहिले तर ‘बातिल’ होते, म्हणजे ‘रद्दबातल’. मराठीतला ‘बातल’ हा तोच शब्द. सरकारी कागदावर माणसाच्या आडनावाच्या जागी तो शब्द उमटू नये.

उच्चार कार्डावरील मराठी ओळीवरून ठरवावा, कारण रोमन लिपीत अ-आ आणि इ-ई यांचा भेद दिसत नाही. व्हिसा किंवा निवास-कार्डावर त्या व्यक्तीचे अरबी लेखन आधीच झालेले असेल, तर ते सदोष असले तरी तेच पाळावे लागते.

फोटोवरून वाचताना

लॅमिनेशनवर पडलेला उजेड नेमका पत्त्याची पहिली ओळ पुसतो. पुसट फोटोत रोमन सी, डी आणि ओ ही अक्षरे सारखीच दिसतात. लिंग ‘पुरुष’ आणि नाते ‘डी/ओ’ वाचले गेले, तर वाचन नक्की चुकले आहे. अंदाज न करता दुसरा फोटो मागवावा. तोवर त्या जागी कंसात ‘गैर वादिह’, म्हणजे अस्पष्ट, असे लिहितात.

आधार क्रमांक

बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात. अरबी मजकूर उजवीकडून चालत असल्याने मधल्या मोकळ्या जागांमुळे हे गट पडद्यावर उलट क्रमाने लागतात : शेवटचा गट डावीकडे पहिला दिसतो. प्रत्येक गट आतून बरोबर असतो, म्हणून चूक नजरेतून सुटते. पहिल्या आकड्याच्या आधी U+200E हे अदृश्य चिन्ह टाकले की क्रम जागेवर येतो. शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीचा पडताळा अंक असल्याने फोटोतला एखादा चुकीचा वाचलेला आकडाही त्यावरून पकडता येतो.