जुनीच चित्रमाला, नवा ऑगस्ट

2021 च्या ऑगस्टमध्ये मी इन्स्टाग्रामवर एक कॅरोसेल टाकलं होतं. कॅरोसेल म्हणजे बोटाने सरकवत पाहायची चित्रमाला. विषय होता आमची वणी आणि वणीत 29 ऑगस्ट 1880 ला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे. सात चौकोनी चित्रं होती आणि प्रत्येकावर दोन-तीन ओळी. माझ्या इतर पोस्ट दोन दिवसांत विसरल्या जातात, ही मात्र लोक साठवून ठेवत राहिले. लाइकपेक्षा सेव्ह जास्त दिसले की समजावं, कुणाला तरी ती पुन्हा वाचायची आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तर शाळेच्या निबंधात त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

आणि तेच वाक्य चुकीचं होतं!

मी लिहिलं होतं, "1905 पर्यंत वणी हे जिल्ह्याचं मुख्यालय होतं." पुढे एकदा फोनवर मोठे काका म्हणाले, "काऊन वं पोरी, जिल्ह्याले नाव वणीचं व्हतं, पण कचेरी यवतमायलेच व्हती!"

काकांचं बरोबर होतं. निजामाने 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. 1864 मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्याचा वेगळा जिल्हा झाला, आणि पुढे त्याला वणीचं नाव मिळालं. इंग्रजी कागदांत त्याचं स्पेलिंग 'वुन' असं वाचता येईल असं आहे. पण साहेबाची कचेरी यवतमाळला. 1905 मध्ये वऱ्हाडची फेरमांडणी झाली, बाशीम (म्हणजे वाशीम) जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ पडलं. म्हणजे वणीने गमावलं ते नाव. मुख्यालय तिच्याकडे नव्हतंच. "जिल्हा आमच्या नावाचा" या अभिमानात मी पुढची पायरी स्वतःच बांधून टाकली होती.

मागच्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, ही माला नव्याने टाकायची ठरवली. आधी वाटलं, जुन्यातच दुरुस्ती करू. पण पोस्ट टाकल्यावर मजकूर, म्हणजे कॅप्शन, बदलता येतो. चित्र मात्र बदलता येत नाही. मालेतलं एखादं चित्र काढून टाकता येतं, पण त्या जागी दुसरं बसवता येत नाही. सगळी पोस्ट पुसली तर लोकांनी साठवलेलंही जातं, आणि चूक ज्यांनी वाचली त्यांना ती चूक होती हे कधीच कळत नाही. म्हणून जुन्या मालेतलं ते एक चित्र काढलं आणि कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत दुरुस्ती लिहिली. पहिलीच ओळ अशासाठी, की लांब कॅप्शन दुमडलं जातं आणि खालचं फार थोडे लोक उघडतात.

मग नवी माला करायला बसले. जुनी चित्रं एकेक करून वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत "आज 141 वी जयंती" होतं. ते 30 ऑगस्टलाच शिळं झालं होतं! 2025 ला 145 वी. शेवटच्या चित्रावर मी तेव्हाच्या आमदार-खासदारांची नावं घातली होती. 2024 च्या दोन निवडणुकांनंतर तीही बदलली. 1864 आणि 1905 मात्र जागच्या जागी होते.

तेव्हा एक नियम केला: जे बदलणार ते कॅप्शनमध्ये, जे बदलणार नाही तेच चित्रावर. जयंती कितवी, हे कॅप्शनमध्ये गेलं. आमदार-खासदार गाळलेच. मुखपृष्ठावर आता एक प्रश्न आहे: "यवतमाळ जिल्ह्याचं जुनं नाव काय?" हा कोणत्याही ऋतूत चालतो. आत नवीन एक चित्र आलं: बापूजी जन्मले तेव्हा जिल्हा वणीचा होता, आणि 10 जुलै 1930 ला पुसदजवळ धुंदीला त्यांनी जंगल सत्याग्रह केला तेव्हा यवतमाळचा. आणि तेच पुसद 1905 ला जिल्ह्यात आलेलं!

मुखपृष्ठ पुन्हा करण्याला एक साधं कारणही होतं. जानेवारी 2025 पासून इन्स्टाग्रामच्या पानावरची चौकट उभी झाली, तीनास चार. माझं 1080 बाय 1080 चं चित्र तिथे दोन्ही बाजूंनी 135-135 ठिपके कापलं जात होतं, आणि "वणी" मधला "व" अर्धा गायब! आता चित्र उभं आहे आणि अक्षरं मधोमध.

टाकण्याआधी सगळी चित्रं काकांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "आता बरोबर हाय." निबंधवाल्या मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, "आत्या, त्या निबंधाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते."

असो. ते मार्क काही मला परत घेता येणार नाहीत.