दाबलेले बटण आणि वाढलेली ऑर्डर

प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत एक प्रश्न या ना त्या रूपात हमखास येतो: 'हे फीचर बांधले तर किती फरक पडेल, आणि तो पडला हे कशावरून ओळखाल?' अंदाज, यशाचे मोजमाप आणि अग्रक्रम हे वरवर तीन वेगळे विषय वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच विचाराचे तीन टप्पे आहेत. पुढे दिलेले प्रश्न सोडवायला घेण्यापूर्वी वाचकांनी एक उदाहरण आमच्याबरोबर सावकाश उलगडून पाहावे, म्हणजे बाकीच्यांची वाट आपोआप सापडेल.

समजा, घरपोच किराणा देणाऱ्या एका ॲपमध्ये 'मागची यादी पुन्हा मागवा' असे बटण द्यायचे आहे. आकडे कुणी हाती देत नाही, ते आपणच गृहीत धरायचे असतात. महिन्याला 10 लाख ग्राहक ॲप उघडतात असे धरू. मागची यादी असायला आधी काही खरेदी झालेली हवी, आणि असे ग्राहक 4 लाख मानू. त्यांतल्या निम्म्यांच्या, म्हणजे 2 लाखांच्या, नजरेस ते बटण पडेल. दहातला एक जण ते दाबून ऑर्डर पुरी करेल. म्हणजे महिन्याला 20,000 ऑर्डर.

बहुतेक उत्तरे इथेच थांबतात, आणि नेमकी इथेच चुकतात. दर आठवड्याला दूध, पोहे, तूरडाळ मागवणारे घर बटण नसतानाही तेच मागवणार होते. बटणाने त्या घराची फक्त पाच मिनिटे वाचली. चारांपैकी तीन ऑर्डर अशा धरल्या, तर बटणामुळे खरोखर वाढलेल्या ऑर्डर 5,000 उरतात. वाचकांनी प्रत्येक अंदाजाच्या शेवटी स्वतःला विचारावे: हे फीचर नसते तर यातले काय झालेच नसते?

यशाचे मोजमापही याच प्रश्नातून निघते. 'बटण किती वेळा दाबले' हा आकडा रोज वाढताना दिसेल, पण तो काहीच सिद्ध करणार नाही. त्याऐवजी निम्म्या ग्राहकांना बटण दाखवावे, निम्म्यांना दाखवू नये, आणि दोन्ही गटांत दर ग्राहकामागे महिन्याला किती ऑर्डर होतात ते पाहावे. शेजारी पहारा म्हणून दुसरा आकडा ठेवावा: रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डर. जुनी यादी न वाचता मागवली की नको असलेला माल घरी येतो, आणि तो त्रास पहिल्या आकड्यात दिसत नाही. एक मर्यादाही ध्यानात असू द्यावी. नव्या बटणाकडे सुरुवातीला कुतूहलाने बोटे वळतात, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर निकाल देऊ नये.

आता अग्रक्रम. समजा, तेवढ्याच मेहनतीत दुसरे एक काम होऊ शकते: हवी ती वस्तू संपली असेल तर पर्यायी वस्तू सुचवणे. वस्तू न मिळाल्याने खरेदी अर्धवट सोडून पुन्हा न वळलेले ग्राहक महिन्याला 40,000 धरले आणि त्यांतला चौथा हिस्सा थांबला, तर 10,000 ऑर्डर खरोखर वाढतात. बटणाचे 20,000 धरणारा उमेदवार बटणाला पहिला क्रमांक देईल. 5,000 धरणारा पर्याय सुचवण्याला. इंटरकॉम कंपनीत शॉन मॅकब्राइड यांनी मांडलेली 'राइस' पद्धत अशाच तुलनेसाठी आहे. किती जणांपर्यंत पोहोच, प्रत्येकावर किती परिणाम आणि अंदाजावर किती भरवसा यांचा गुणाकार करायचा आणि त्याला मेहनतीने भागायचे. पद्धत उपयोगी आहे, पण परिणामाच्या जागी चुकीचा आकडा घातला, तर ती चुकीचाच क्रम नीटनेटका करून देते.

राहिला मोठ्याने विचार करण्याचा भाग. प्रश्न ऐकताच बोलायला सुरुवात करायची गरज नाही. 'मला एक मिनिट द्या' म्हणून कागदावर टप्पे लिहावेत आणि आधी तेच सांगावेत: किती जण पाहतील, किती वापरतील, त्यांतले नवे किती. मग प्रत्येक आकड्यासोबत त्याचे कारण द्यावे. 'दहातला एक धरतो, कारण बरेच जण दर वेळी यादीत थोडा बदल करतात' असे म्हटले, की समोरच्याला नेमके त्याच जागी बोट ठेवता येते. तो म्हणाला, 'आमच्याकडे पाचातला एक दाबतो', तर पुढची दोनच गणिते बदलतात: 40,000 आणि 10,000. मग दोन्ही कामे बरोबरीला येतात, हेही आपणच सांगावे. शेवटी सर्वांत डळमळीत गृहीतकही आपणच दाखवावे. इथे ते 'चारांपैकी तीन' हे आहे, आणि दोन गटांची चाचणी आधी तेच तपासेल.

पुढचे प्रश्न वाचताना वाचकांनी उत्तराचा आकडा झाकून ठेवावा, आधी आपले टप्पे मोठ्याने बोलून पाहावेत आणि मगच पान उलटावे. आकडा जुळला नाही तर खंत नको. टप्पा कुठे सुटला ते मात्र शोधावे. बहुधा तो 'नाहीतरी झालेच असते' याच ठिकाणी सापडेल.