सलूनची कामगिरी : मोजमाप

सलूनचा धंदा खरोखर कसा चालला आहे, हे गल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी सरासरी बिल, ग्राहक परतण्याचे प्रमाण आणि खुर्चीचा वापर ही तीन मापे एकत्र पाहतात.

पवनी (जि. भंडारा) येथे तीन खुर्च्यांचे सलून आहे असे समजू. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस म्हणजे ७८० खुर्ची-तास. महिन्यात ७०० ग्राहक, ८४,००० रुपये जमा. सरासरी बिल १२० रुपये. प्रत्येकी अर्धा तास धरल्यास ३५० तास काम झाले, म्हणजे वापर सुमारे ४५ टक्के. पण ही सरासरी फसवी असते : रविवारी बाकावर रांग, मंगळवारी खुर्च्या रिकाम्या. म्हणून वापर वारानुसार मांडावा. १०० रुपयांची कटिंग २५ मिनिटांत आणि ३०० रुपयांचे फेशियल ७५ मिनिटांत होत असेल, तर दोन्हींची तासाची कमाई २४० रुपयेच. रविवारी फेशियल घेतल्याने बिल फुगते, कमाई वाढत नाही. मंगळवारी मात्र ती निव्वळ भर ठरते. लग्नसराईतील नवरदेव-नवरीची मोठी बिलेही सरासरीतून वेगळी काढावीत.

ग्राहक परतण्याचे प्रमाण काढण्यासाठी मोठ्या शहरांत खुर्चीतून उठण्यापूर्वी पुढची वेळ ठरवणारे ग्राहक मोजतात. छोट्या गावात लोक न कळवताच येतात. तेथे वहीत मोबाइल क्रमांक नोंदवून ४५ दिवसांत किती जण परतले ते पाहणे बरे. श्रावणात अनेक जण दाढी-केस कापत नाहीत, त्यामुळे त्या महिन्याची तुलना मागील श्रावणाशीच करावी.