भाराखाली कोसळणारी बॅटरी बँक (टेलिकॉम शेल्टर)

वीज गेल्यावर शेल्टरमधील लेड-ॲसिड बँकेचा व्होल्टेज अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरून साइट बंद पडणे. ४८ व्होल्टच्या बँकेत २ व्होल्टचे २४ सेल एकसर जोडलेले असतात. फ्लोट चार्जिंगवर एकूण ५४ व्होल्ट दिसतात, म्हणजे सेलमागे सरासरी २.२५. दोषी सेल असला तरी रेक्टिफायर ही बेरीज कायम राखतो, म्हणून केवळ एकूण आकड्यावरून बँक ठणठणीत ठरवू नये. खरी स्थिती भार टाकल्यावर प्रत्येक सेल स्वतंत्र मोजला की कळते.

समजा, पाणी भरता येणाऱ्या ४०० ॲम्पिअर-तासांच्या बँकेवर ४० ॲम्पिअरचा भार आहे. काही वेळाने २२ सेल १.९८ व्होल्टवर टिकून आहेत, सातवा १.३० वर आला आहे आणि पंधरावा उणे ०.६० दाखवतो, म्हणजे त्याची ध्रुवता उलटली आहे. बेरीज ४४.२६ भरते, भार तोडण्याची मर्यादा ४४.४ असल्याने साइट बंद होते. सगळे सेल चांगले असते तर ४७.५ व्होल्ट मिळाले असते. सेलची बेरीज बँकेच्या टोकांवरील आकड्यापेक्षा बरीच जास्त भरली, तर मात्र सेल तपासत बसू नये; जोडपट्ट्यांचे नट ढिले किंवा गंजलेले असतात.

पूर्ण चार्ज झालेल्या अशा सेलचे विशिष्ट गुरुत्व २७ अंश सेल्सिअसला सुमारे १.२०० असते. समजा, वीज परत येऊन चार्जिंग पूर्ण झाल्यावरही सातव्यात १.१५० आणि पंधराव्यात १.१२० भरते. दोन्ही आकडे कमीच, पण कारणे वेगळी असू शकतात, आणि ती बूस्ट चार्जिंग करताना उघड होतात. सातव्याचा व्होल्टेज इतरांच्या आधीच झपाट्याने वर चढतो, गुरुत्व मात्र हलत नाही. हे सल्फेशन आहे: आम्लातील सल्फेट प्लेटवर कडक स्फटिकांच्या रूपात अडकलेले असते. सतत अर्धवट चार्ज राहिल्याने किंवा पाणी उतरून प्लेट उघड्या पडल्याने हे घडते. पंधरावा चार्जिंगमध्येही २.०५ च्या आसपास रेंगाळतो, कारण त्याच्या आत शॉर्ट आहे. तो बदलावाच लागतो. सातवा सौम्य प्रवाहावर दीर्घकाळ चार्ज केल्यास काही अंशी सुधारतो, पण स्फटिक जुने असतील तर नाही.

विश्रांतीनंतरचा सेल व्होल्टेज गुरुत्वात ०.८४ मिळवून जवळपास येतो: १.१५० ला १.९९. हा मेळ बसत नसेल तर नुकतेच पाणी घातलेले असते किंवा आम्लाचे थर पडलेले असतात. सीलबंद बँकेत हायड्रोमीटर चालत नाही. तिथे भार चाचणीवरच विसंबावे लागते.

गुरुत्व कमी दिसले म्हणून सेलमध्ये आम्ल ओतणे चूक आहे. आकडा वाढतो, क्षमता नाही, आणि प्लेट अधिक लवकर खराब होतात. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे.