वटसावित्री : कथा आणि व्रत

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेस आमच्याकडील सुवासिनी वडाची पूजा करतात, बुंध्याभोंवतीं सूत गुंडाळीत प्रदक्षिणा घालतात, गहूं आणि आंबा यांनीं एकमेकींची ओटी भरतात, सावित्रीची कथा ऐकतात आणि पतीस दीर्घायुष्य मागून घरीं येतात. इतक्या ओळखीच्या गोष्टीविषयीं कांहीं सांगावयाचें उरलें असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या कथेवर हें व्रत उभें आहे ती महाभारताच्या वनपर्वांत उघडून वाचली, म्हणजे पहिलीच गोष्ट ही ध्यानांत येते कीं, तेथें वडाच्या पूजेचें नांव नाहीं. ज्येष्ठ महिन्याचें नाहीं, पौर्णिमेचें नाहीं आणि सात जन्मांचेंही नाहीं. व्रत मात्र आहे. तें कोणतें, आणि त्यास वड केव्हां व कसा येऊन मिळाला, हें पाहण्यासारखें आहे.

वनवासांत द्रौपदीच्या हरणाचा प्रसंग नुकताच घडून गेला आहे. खिन्न झालेला युधिष्ठिर मार्कंडेयास विचारतो कीं, द्रौपदीसारखी दुसरी कोणी पतिव्रता आपण पाहिली वा ऐकली आहे काय. त्यावर मार्कंडेय जी कथा सांगतो ती ही. मद्रदेशाचा राजा अश्वपति यानें अपत्यासाठीं अठरा वर्षें सावित्री देवीची आराधना केली, आणि तिच्या प्रसादानें झालेल्या कन्येस तिचेंच नांव ठेविलें. मुलगी इतकी तेजस्वी निपजली कीं, तिला मागणी घालण्याचें धैर्य कोणासच होईना. तेव्हां पित्यानें तिला सांगितलें, ‘तूं स्वतःच आपला वर शोध.’ रथांत बसून, वृद्ध मंत्र्यांसह ती तपोवनें हिंडून आली, आणि तिनें निवडला तो राज्य गेलेल्या, अंध झालेल्या द्युमत्सेनाचा वनवासी मुलगा सत्यवान. (ह्याला लहानपणीं घोड्यांचा फार नाद, मातीचे घोडे करी, घोड्यांचीं चित्रें काढी, म्हणून चित्राश्व असेंही त्याचें एक नांव होतें.) वर्षानंतर ह्याच दिवशीं तो मरणार, हें नारदानें तिच्या देखतच सांगितलें. तरीही तिनें निवड बदलली नाहीं. अशा कांहीं गोष्टी आहेत कीं त्या एकदांच होतात, असें तिचें म्हणणें. आणि तें नारदानेंही मान्य केलें.

वर्ष सरत आलें. चार दिवस उरले तेव्हां सावित्रीनें त्रिरात्र व्रत धरलें. तीन दिवस, तीन रात्री अन्न नाहीं, आणि बसणें नाहीं. ती उभी राहिली. हें फार कठीण आहे, असें सासऱ्यानें कळवळून म्हटलें, पण व्रत मोडण्यास त्यानें सांगितलें नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं तिनें अग्नींत आहुति दिली, वडील माणसांस नमस्कार केला, आणि सर्वांनीं जेवण्याचा आग्रह केला असतां सूर्यास्तानंतर जेवीन असें सांगितलें. इतक्यांत सत्यवान कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाला. मीही येतें, असें ती म्हणाली. उपासानें थकली आहेस, असें त्यानें म्हणतांच ती सासऱ्याकडे गेली. तेथें द्युमत्सेनाच्या तोंडीं एक साधें वाक्य आहे, आणि आम्हांस तें साऱ्या कथेंत अत्यंत हृद्य वाटतें: ही माझ्या घरीं सून म्हणून आल्यापासून हिनें कधीं कांहीं मागितल्याचें मला आठवत नाहीं, तेव्हां एवढें मागणें हिचें पुरें होवो.

पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे, पण घाईनें सांगण्यांत त्यांतलें मर्म हरवतें. लांकडें फोडतांना सत्यवानाचें मस्तक दुखूं लागलें. त्याचें डोकें मांडीवर घेऊन सावित्री जमिनीवर बसली. यम स्वतः आला, कारण अशा धर्मनिष्ठास दूतांकरवीं नेणें योग्य नव्हे असें त्यास वाटलें. आणि पाशानें तो अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढून दक्षिणेस चालूं लागला. सावित्री मागून निघाली. ती रडली नाहीं, विनवण्याही केल्या नाहींत. ती बोलूं लागली. सात पावलें बरोबर चालल्यानें मैत्री होते असें जाणते सांगतात, तेव्हां त्या मैत्रीच्या नात्यानें मी कांहीं बोलतें, अशी तिची सुरुवात आहे. सज्जनांची संगत, सर्व भूतांविषयीं अद्रोह, दया, दान, यांवर ती एकेक वचन बोलते, आणि यम प्रत्येक वेळीं संतुष्ट होऊन वर देतो, पण एक अट घालून: ह्याच्या जीविताखेरीज काय तें माग. पहिल्या वरानें ती सासऱ्याची दृष्टि मागते, दुसऱ्यानें त्याचें राज्य, तिसऱ्यानें पुत्रहीन पित्यास शंभर पुत्र. चौथ्यानें ती सत्यवानापासून स्वतःस शंभर पुत्र मागते, आणि तोही वर मिळतो. ती आणखी बोलते. यम आतां इतका प्रसन्न झालेला असतो कीं, पांचवा वर देतांना तो ती अट घालण्याचें विसरतो. सावित्री तेवढेंच बोट धरते. आतां अपवाद सांगितला नाहीं, आणि शंभर पुत्र तर दिलेलेच आहेत. तेव्हां हा सत्यवान जिवंत होवो, नाहीं तर आपलें वचन खोटें पडेल. यम हंसून पाश सोडतो. पतीचें आयुष्य ती सर्वांत शेवटीं मागते, आणि मिळवते तें बुद्धीनें व वाणीनें. उपवासानें यम वश झाला असें कथा कोठेंही म्हणत नाहीं.

परततांना रात्र झाली. सत्यवानास आईबापांची काळजी. सावित्रीनें फळांची करंडी झाडास अडकवून ठेविली, कुऱ्हाड स्वतः घेतली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तीं दोघें निघालीं. वाट दाखवतांना सत्यवान सांगतो कीं, ह्या पळसांच्या राईपाशीं वाट दुभंगते, उत्तरेकडची धर. तेव्हां मूळ कथेंत नांवानिशीं लक्षांत राहणारें झाड कोणतें म्हणाल, तर पळस!

मग वड आला कोठून? देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत चतुर्वर्गचिंतामणि हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडांत सावित्रीव्रत पुराणांतील वचनांच्या आधारें आलें आहे. तेथें महाभारतांतील त्रिरात्र कायम आहे, पण पूजेचा थाट निराळा. वेळूच्या पात्रांत वाळू वा धान्य भरून त्यावर ब्रह्मा आणि सावित्री यांच्या मूर्ति मांडावयाच्या, आणि वडाच्या मुळाशीं पाणी घालून त्यास सूत वेढावयाचें. ही सावित्री राजकन्या नव्हे. ती ब्रह्मदेवाची पत्नी, अश्वपतीनें आराधिलेली देवी. आजही पुरोहित संकल्प सांगतो त्यांत ब्रह्म-सावित्रीचें नांव आधीं येतें आणि सत्यवान-सावित्रीचें मागून. एका नांवाच्या दोन सावित्री ह्या व्रतांत अशा एकत्र झाल्या आहेत, आणि पूजा करणारीस बहुधा दुसरीच ठाऊक असते.

वडाचें महत्त्व त्याच्या वाढण्याच्या रीतींत आहे असें आमचें मत आहे. संस्कृतांत त्यास न्यग्रोध म्हणतात, म्हणजे खालीं वाढणारा. फांदीपासून पारंबी सुटते, ती जमिनीस लागली कीं मूळ धरते, जाड होते आणि फांदीस खांबासारखा आधार देते. मूळचा बुंधा कुजला तरी झाड जगतें. एक गेलें तरी वंश उभा, अशी ही वनस्पति आयुष्य आणि संतति यांची खूण ठरली ह्यांत नवल नाहीं. म्हणूनच शहरांतून बाजारांत विकत आणलेली फांदी पाटावर ठेवून पुजण्याची जी वहिवाट पडली आहे ती आम्हांस विपरीत वाटते. पारंबीनें टिकणाऱ्या झाडाची फांदी छाटून तिची पूजा केली, तर पूजेचें कारणच छाटलें जातें.

तिथीचाही घोळ आहे. महाराष्ट्र, गुजराथ व दक्षिणेकडे पौर्णिमा. बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा इकडे ज्येष्ठ अमावास्या, जी आपल्या गणनेनें वैशाखाची. सन २०२५ मध्यें तिकडील व्रत २६ मे रोजीं झालें आणि आपलें १० जून रोजीं. त्या वर्षीं आमच्याकडेही घरोघर एक प्रश्न निघाला, कारण पंचांगांत पौर्णिमा ११ जून रोजीं दाखविलेली होती. उत्तर असें कीं, हें व्रत चतुर्दशीनें युक्त अशा पौर्णिमेस करावयाचें. मात्र चतुर्दशी सूर्योदयानंतर अठरा घटिका असेल, तर ती पुढील तिथि दूषित करते. एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे अठरा घटिकांचे सात तास बारा मिनिटें. १० जून रोजीं सूर्योदय सुमारें सहाला आणि चतुर्दशी संपली सकाळीं साडेअकराच्या सुमारास, म्हणजे सुमारें चौदा घटिकांनीं. मर्यादेच्या आंत, म्हणून उपवास त्याच दिवशीं. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टानें काशींत १६१२ सालीं पुरा केलेल्या निर्णयसिंधूंत असल्याच गुंतागुंतींचा निकाल लावलेला आहे. तीन रात्रींचा उपवास न झेपणाऱ्या स्त्रीस सवलतही सांगितली आहे: त्रयोदशीस रात्रीं एकभुक्त, चतुर्दशीस न मागतां मिळेल तें, आणि पौर्णिमेस उपवास. आजचा एक दिवसाचा उपवास हा त्या सवलतीचाही उरलेला शेवटचा तुकडा आहे.

आणखी एक गोष्ट ह्या ग्रंथांतून दिसते, ती कमी लोकांस ठाऊक आहे. हें व्रत कोणी करावें, याविषयीं व्रतग्रंथांत उतरून घेतलेलें एक वचन स्पष्ट आहे: सधवेनें करावें, विधवेनें करावें, पुत्रवतीनें करावें, निपुत्रिकेनेंही करावें. विधवेचें नांव त्यांत उघड आहे. व्यवहारांत मात्र वडाखालीं सुवासिनीच जमल्या आणि जिचें कुंकू गेलें तिनें त्या दिवशीं घराबाहेर पडूं नये, अशी रूढि झाली. ही रूढि शास्त्रानें घातली असें म्हणणाऱ्यास तें वचन दाखवितां येईल. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींही तसें करावें असें परिपत्रक काढलें.