खापरा नावाचा किडा आणि आईचं पार्सल

दोन वर्षांपूर्वी आईने मेलबर्नला ताईकडे पार्सल पाठवलं. त्यात बिबडे होते, कुरडया होत्या, आणि ताईला तिकडचा मसाला आवडत नाही म्हणून आख्ख्या वाळक्या मिरच्या, जिरं, कच्चे शेंगदाणे आणि दोन किलो तूरडाळही होती. बिबडे-कुरडया पोहोचल्या, बाकी सगळं तिथल्या तपासणीत काढून नष्ट केलं. आई आठवडाभर एकच प्रश्न विचारत राहिली, “मिरची खडखडीत वाळलेली होती. वाळलेली वस्तू खराब कशी होईल?”

मी सॉफ्टवेअरवाला. एरर आला की कारण शोधायचं, एवढंच मला येतं. शोधत गेलो तर कारण एका किड्यापाशी निघालं, आणि त्याचं नाव होतं ‘खापरा’. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “किडाले आपलं नाव कसं?”

आमच्या शिंदखेड्यात खापर म्हणजे मांडे भाजायचं मातीचं पालथं भांडं. किड्याचं नाव कौल किंवा वीट या अर्थाच्या शब्दावरून पडलं, असं सांगतात, कारण त्याची अळी भिंतीच्या फटीत लपून बसते. हा किडा मूळचा आपल्याकडचाच मानतात. शास्त्रीय नाव ‘ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम’, ते 1898 साली पडलं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या सवयींत आहे. बिबड्यांसाठी आपण ज्वारी भिजवतो, भरडतो, शिजवतो, मग कापडावर थापून कडक उन्हात वाळवतो. पाणी गेलं की बुरशी आणि जंतू वाढू शकत नाहीत. वाळवणाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. पण खापऱ्याला पाणी जवळपास लागतच नाही. इतर किडे जिथे तग धरत नाहीत अशा कोरड्या धान्यात तो वाढतो, आणि पस्तीस अंशांच्या आसपासची उष्णता त्याला सगळ्यात जास्त मानवते. म्हणजे वाळवणाला हवं असतं तेच हवामान. खायला नसेल तर अळी फटीत शिरून सुस्त पडून राहते. अशी ती कित्येक महिने उपाशी जगते, अधूनमधून खायला मिळालं तर काही वर्षंही.

याचा धसका जगाने घेतला तो कॅलिफोर्नियात. 1953 साली तिथल्या टुलारे काउंटीत धान्याच्या गोदामात खापरा सापडला. धान्य हलवून भागत नव्हतं, कारण अळ्या भिंतींत होत्या. मग आख्ख्या गोदामांवर ताडपत्र्या टाकून आत मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू सोडावा लागला. ही मोहीम 1966 पर्यंत चालली आणि तिच्यावर सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाले.

गंमत म्हणजे हा किडा उडत नाही. त्याचा सगळा प्रवास माणसांच्या सामानातून होतो, गोणपाटातून, कंटेनरच्या कोपऱ्यातून, आपल्या डाळीच्या पिशवीतून. म्हणून सामानावरच नजर. खापरा आढळणाऱ्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणायला अमेरिकेने 2011 साली बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने 2020 च्या ऑक्टोबरपासून प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून येणाऱ्या वस्तूंची यादीच केली. त्यात तांदूळ, हरभरा, मूग, तूर, मसूर, गहू, धने, जिरं, बडीशेप, शेंगदाणे आणि वाळकी मिरची आहे. आईचं जे जे गेलं, ते सगळं या यादीत होतं.

भाजलेल्या, तळलेल्या, उकडलेल्या मालाला या यादीतून सूट आहे. पण ती कारखान्यात बनवून पॅक केलेल्या मालाला. घरचे भाजके दाणे त्यात आपोआप बसत नाहीत. तिथे निर्णय अधिकाऱ्याचा.

यंदा मार्चमध्ये मी ताईकडे जाणार होतो, तेव्हा आईने आणि मी बॅग पुन्हा भरली. तूर, जिरं, मिरची बाहेर. त्याऐवजी बिबडे आणि कुरडया जास्त घेतल्या, कारण दोन्ही शिजवूनच वाळवतात. शेंगदाण्याची चटणी आईने ऐकलंच नाही म्हणून घेतली. प्रत्येक पुडा आधी उजेडात धरून पाहिला. तळाशी भुसा, तपकिरी केसाळ अळी किंवा तिची टाकलेली पोकळ कात दिसली, तर तो पुडा घरीच ठेवायचा. जुनं गोणपाट आणि वापरलेलं खोकं टाळलं. पारदर्शक पिशव्यांवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहिले.

विमानात मिळालेल्या कार्डावर खाद्यपदार्थांसमोर ‘होय’ केलं. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सगळं सांगितलं तर फार तर वस्तू जाते. लपवलं तर दंड होतो.

अधिकारी बाईंनी बिबडा उजेडात धरला, उलटसुलट पाहिला, परत दिला. चटणी मात्र ठेवून घेतली.

आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “जाऊ दे. मांडे तर आपण खापरावरच खातो, आपल्याला काय भ्यायचं. पण पुढच्या वेळी बिबडे दुप्पट करते.”