क्रीडा अकादमीसाठी प्रायोजक हवा आहे? स्थानिक व्यावसायिकाला पाठवायच्या ई-मेलमध्ये काय लिहावे?

परभणी जिल्ह्यातील छोट्या कबड्डी, खो-खो किंवा अ‍ॅथलेटिक्स अकादमीला जर्सी, बॅनर, ट्रॉफी यांचा खर्च मुलांच्या फीमधून भागवता येत नाही. त्यामुळे गावातील दुकानदारांकडे मदत मागितली जाते. मात्र अनेक विनंती-मेल देणगीच्या भाषेत लिहिलेले असतात आणि दुकानाला बदल्यात काय मिळेल, हेच त्यात नसते.

देणगी आणि प्रायोजकत्व यात फरक काय?

देणगीत देणारा मोबदला मागत नाही. प्रायोजकत्वात दुकान पैसे देते आणि अकादमी त्याची जाहिरात करते, म्हणजे हा व्यवहार असतो. व्यापारी हा पैसा सहसा जाहिरात खर्चात दाखवतो. देणगीसाठी अकादमीकडे ८०जी नोंदणी असेल, तर देणाऱ्याला करसवलत मिळू शकते. एकाच रकमेसाठी 'देणगी द्या, जाहिरातही करू' असे लिहिले, तर व्यापाऱ्याचे सीए शंका काढतात.

स्थानिक दुकानाला 'सीएसआर निधी द्या' असे लिहिणेही निरर्थक ठरते. कंपनी कायद्यानुसार सीएसआरचे बंधन मोठ्या कंपन्यांवर असते, उदाहरणार्थ ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे. शिवाय स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलेच जात नाही.

फायदे कसे मांडावेत?

'आपली प्रसिद्धी होईल' या वाक्यातून दुकानदाराला काहीच मोजता येत नाही. समजा, सेलू तालुक्यातील एक अकादमी दोन दिवसांची कबड्डी स्पर्धा घेत आहे आणि कृषी सेवा केंद्राला मेल पाठवत आहे. या दुकानाचे ग्राहक म्हणजे आसपासचे शेतकरी. म्हणून १६ गावांचे संघ येणार, प्रत्येकी १२ प्रमाणे १९२ खेळाडू असणार आणि ते कोणत्या गावांचे, ही माहिती त्याच्या कामाची आहे.

नमुना मेल

विषय: १६ गावांच्या कबड्डी स्पर्धेचे प्रायोजकत्व – ₹१५,०००

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या अकादमीत २४ मुले-मुली कबड्डीचा सराव करतात. दि. ____ रोजी सेलू येथे होणाऱ्या स्पर्धेसाठी आपण प्रायोजक व्हावे, ही विनंती. सहभागी गावांची यादी सोबत जोडली आहे.

खर्च: २४ जर्सी ₹१०,८००, दोन बॅनर ₹२,४००, ट्रॉफी ₹१,८००. एकूण ₹१५,०००.

आपल्याला मिळेल:
१. २४ जर्सींच्या पाठीवर दुकानाचे नाव. या जर्सी वर्षभर सरावात वापरल्या जातील.
२. मैदानावर दोन बॅनर, दोन्ही दिवस.
३. प्रत्येक सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून दुकानाच्या नावाची घोषणा.
४. बक्षीस वितरण आपल्या हस्ते.
५. खत-बियाणे व्यवसायातील दुसरा प्रायोजक घेतला जाणार नाही.

स्पर्धेनंतर आठ दिवसांत फोटो आणि खर्चाची बिले पाठवू. होकार दि. ____ पर्यंत कळवावा, म्हणजे जर्सी वेळेत छापता येतील.

आपला,
(नाव, पद, अकादमीचा नोंदणी क्रमांक, मोबाइल)

कुठे चुकते?

जे अकादमीच्या हातात नाही, त्याचे आश्वासन दिले की अडचण होते. स्वतःच्या स्पर्धेत जर्सीवर नाव छापता येते. शालेय किंवा संघटनेच्या स्पर्धेत मात्र आधी आयोजकांना विचारावे लागते. शहरात रस्त्यावर बॅनर लावायचा असल्यास नगरपरिषदेची किंवा महापालिकेची परवानगी लागते. मुलांचे फोटो दुकानाच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. अकादमी ट्रस्ट किंवा नोंदणीकृत संस्था असेल आणि दुकान भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल, तर प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटी 'रिव्हर्स चार्ज'ने दुकानालाच भरावा लागतो. म्हणजे ₹१५,००० वर आणखी ₹२,७००. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला हा रिव्हर्स चार्ज लागू होत नाही. त्यामुळे रक्कम ठरण्यापूर्वीच दुकानाचा प्रकार विचारून घेतलेला बरा.

मेल कधी पाठवावा?

कृषी सेवा केंद्राला जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत मेल वाचायला वेळ नसतो. त्याला एप्रिलमध्ये लिहावे, कारण खरिपाची जाहिरात तेव्हा ठरत असते. कापड किंवा दुचाकीच्या दुकानासाठी दिवाळीपूर्वीचा काळ योग्य. दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रत्यक्ष भेटावे. ठरलेल्या गोष्टी मात्र मेलवरच कायम कराव्यात, म्हणजे पुढे वाद होत नाही.